तीन आकार, एक हॉपर आणि चार जादा वर्तुळे

महाराष्ट्राच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये ‘महत्त्वमापन’ नावाचे प्रकरण आहे. शंकू, वृत्तचिती, गोल, अर्धगोल यांची सूत्रे मुलांना तोपर्यंत पाठ झालेली असतात. एकेका आकाराचे उदाहरण आले की ती पटापट सोडवतातही. अडखळतात ती दोन-तीन आकार एकमेकांना जोडून तयार झालेल्या घनाकृतीपाशी. बाजूला एक आकृती, तिच्यावर चार बाण, बाणांवर वेगवेगळ्या एककांतली मापे आणि खाली प्रश्न: किती लिटर मावेल आणि किती चौरस मीटर पत्रा लागेल? सूत्रे बरोबर लिहूनही उत्तर चुकते. ते का चुकते, हे एकच आकृती घेऊन शेवटपर्यंत सोडवले तर नीट कळते.

त्यासाठी हॉपरची आकृती घेऊ. पशुखाद्याच्या किंवा प्लास्टिकच्या कारखान्यात यंत्राच्या डोक्यावर दाणे साठवायचे जे उभे भांडे असते, तो हॉपर. खाली टोक असलेला उलटा शंकू, त्यावर तितक्याच रुंदीची वृत्तचिती आणि सर्वांत वर अर्धगोलाचा घुमट. दाणे आपोआप घसरून खाली यावेत म्हणून शंकू चांगला उभट ठेवतात. पाठ्यपुस्तकी पद्धतीने काढलेल्या आपल्या आकृतीत व्यास ७० सेंटिमीटर, एकूण उंची २.१९ मीटर आणि शंकूची तिरकी कड ९१ सेंटिमीटर दाखवली आहे. पत्र्याची जाडी २ मिलिमीटर आहे. एवढ्यावरून घनफळ, पृष्ठफळ आणि पत्र्याचे वजन काढायचे आहे.

मापे चार, एकके तीन. त्यातले एकही माप घनफळाच्या सूत्रात जसेच्या तसे बसत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. व्यास दिला आहे, सूत्राला त्रिज्या हवी. ती ३५ सेमी. एकूण उंची दिली आहे, पण वृत्तचितीची स्वतःची उंची कुठेच लिहिलेली नाही. शंकूची तिरकी कड दिली आहे, पण त्याची लंब उंची दिलेली नाही. आकृती वाचणे म्हणजे या न लिहिलेल्या लांबी आधी शोधून काढणे.

सुरुवात शंकूपासून करावी लागते. हॉपर मधोमध उभा कापला असे समजले, तर शंकूच्या जागी एक त्रिकोण दिसतो आणि मधल्या अक्षाने त्याचे दोन काटकोन त्रिकोण होतात. त्रिज्या ३५ आणि लंब उंची या काटकोनाच्या दोन बाजू, तर तिरकी कड ९१ हा कर्ण. पायथागोरसच्या सिद्धांताने ९१ चा वर्ग ८२८१, त्यातून ३५ चा वर्ग १२२५ वजा केला की ७०५६ उरतात. त्याचे वर्गमूळ ८४. म्हणून शंकूची लंब उंची ८४ सेमी.

अर्धगोलाची उंची आकृतीत कधीच लिहिलेली नसते, कारण ती त्याच्या त्रिज्येइतकीच असते. इथे ती ३५ सेमी. आता एकूण उंची सेंटिमीटरमध्ये २१९. तिच्यातून शंकूचे ८४ आणि घुमटाचे ३५ वजा केले की वृत्तचितीची उंची मिळते, बरोबर १०० सेमी.

नेमक्या याच पायरीवर पुष्कळ मुले ८४ ऐवजी ९१ वजा करतात आणि वृत्तचितीची उंची ९३ धरतात. पुढे शंकूच्या घनफळातही तेच ९१ घालतात. गंमत अशी की या दोन चुका परस्परविरुद्ध दिशेने ओढतात. वृत्तचिती लहान होते, शंकू मोठा होतो आणि एकूण उत्तर खऱ्यापेक्षा फक्त अठरा लिटरने कमी येते. उत्तर साधारण पटण्यासारखे दिसते, म्हणून शंकाही येत नाही. यावर उपाय एकच. घनफळात नेहमी लंब उंची लागते आणि वक्रपृष्ठफळात तिरकी, हे आकृतीवरच लिहून ठेवायचे. उंचीतून उंचीच वजा होते, तिरकी कड वजा होत नाही.

घनफळाची सरळ बेरीज

घनफळाचे काम सरळ आहे. तीन भागांत मावणारा माल वेगवेगळा मोजला आणि एकत्र केला तर तो तेवढाच राहतो. भाग कसे जोडले आहेत याचा त्यावर परिणाम होत नाही.

तिन्ही भागांचे तोंड एकच वर्तुळ आहे, त्यामुळे त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ एकदाच काढून ठेवणे सोयीचे. π म्हणजे २२/७ धरले तर ३५ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३,८५० चौसेमी होते. वृत्तचितीसाठी त्याला उंचीने, म्हणजे १०० ने गुणायचे: ३,८५,००० घसेमी. शंकूसाठी ८४ ने गुणून तीनने भागायचे, कारण तेवढ्याच तळाच्या आणि उंचीच्या वृत्तचितीत तीन शंकू मावतात: १,०७,८०० घसेमी. अर्धगोलासाठी सूत्र दोन-तृतीयांश πr³, त्याने ८९,८३३.३३ घसेमी मिळतात. तिन्हींची बेरीज ५,८२,६३३.३३ घसेमी.

अर्धगोलाचे हे सूत्र आज एका ओळीत लिहिले जाते, पण ते मिळायला भारतात बराच काळ गेला. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये दिलेल्या नियमात गोलाचे घनफळ म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले त्याच क्षेत्रफळाचे वर्गमूळ. तो नियम चुकीचा आहे; त्याने गोलाचे घनफळ सुमारे एक-तृतीयांशाने जास्त येते. आपल्या घुमटाला तो लावला तर ८९,८३३ च्या जागी जवळजवळ १,१९,४०० घसेमी येतात.

बरोबर नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, इसवी सन ११५० मध्ये, आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट केले की गोलाचे पृष्ठफळ मिळते आणि त्या पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ. आपल्या मापांवर हे पडताळून पाहता येते. ३,८५० ची चौपट १५,४००. तिला ७० ने गुणून ६ ने भागले की १,७९,६६६.६७ हे पूर्ण गोलाचे घनफळ, आणि त्याचे निम्मे ८९,८३३.३३. आजच्या सूत्राने आलेला आकडा तोच. भास्कराचार्यांच्या घराण्याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातच आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यावर आहे.

पृष्ठफळ: काय झाकले गेले?

पृष्ठफळाचे तसे नाही. इथे भाग जोडताच काही पृष्ठे नाहीशी होतात. वृत्तचितीची वरची गोल तबकडी घुमटाखाली झाकली जाते आणि खालची शंकूच्या तोंडावर बसते. अर्धगोलाचा सपाट तळ आणि शंकूचा सपाट तळ हेही त्याच सांध्यांत जातात. खऱ्या हॉपरमध्ये या ठिकाणी पत्रा नसतोच. असता तर दाणे खाली उतरले नसते.

म्हणून फक्त वक्रपृष्ठफळे घ्यायची. वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ म्हणजे परीघ गुणिले उंची. परीघ २२० सेमी, उंची १०० सेमी, म्हणजे २२,००० चौसेमी. शंकूचे πrl, म्हणजे ११० गुणिले ९१, बरोबर १०,०१० चौसेमी. अर्धगोलाचे २πr², म्हणजे वर्तुळाच्या दुप्पट, ७,७०० चौसेमी. बेरीज ३९,७१० चौसेमी.

शंकूचे πrl कुठून आले, ते पत्रा कापणाऱ्या कारागिराकडून लवकर समजते. वृत्तचिती उभी कापून जमिनीवर पसरली की २२० सेमी लांब आणि १०० सेमी रुंद असा आयत मिळतो. शंकू एका तिरक्या कडेवर कापून उलगडला की वर्तुळाची पाकळी मिळते. तिची त्रिज्या ही शंकूची तिरकी कड, ९१ सेमी. तिचा कंस हा शंकूच्या तोंडाचा परीघ, तोच २२० सेमी. आयताची लांब बाजू आणि पाकळीचा कंस सारखे असल्यामुळेच दोन्ही भाग वळवून एकमेकांना बरोबर जुळतात. पाकळीचे क्षेत्रफळ कंसाच्या निम्मे गुणिले त्रिज्या, म्हणजे ११० गुणिले ९१, पुन्हा १०,०१०. पत्र्यावर ही पाकळी आखायची तर तिचा कोन ३६० ला ३५/९१ ने गुणून मिळतो, सुमारे १३८.५ अंश. इथे लंब उंचीचा कुठेही संबंध येत नाही, आणि पृष्ठफळात ती का लागत नाही याचे कारण हेच.

घुमट मात्र असा सपाट उलगडत नाही. तो दोन्ही दिशांनी वळलेला असतो. कारखान्यात तो दाबून घडवतात किंवा पाकळ्या कापून, ठोकून आणि वेल्ड करून बनवतात. त्यामुळे सूत्राने आलेले ७,७०० चौसेमी हे तयार घुमटाचे पृष्ठफळ असते. तो बनवायला लागणारा पत्रा कापणीतल्या तुकड्यांमुळे त्याहून जास्तच लागतो.

आता नेहमीची चूक पाहू. मुले प्रत्येक भागाचे ‘एकूण पृष्ठफळ’ काढतात आणि तिन्ही मिळवतात. अर्धगोल ११,५५०, वृत्तचिती २९,७०० आणि शंकू १३,८६०; बेरीज ५५,११०. बरोबर उत्तरापेक्षा हे १५,४०० चौसेमीने जास्त आहे, आणि १५,४०० म्हणजे नेमकी ३,८५० ची चौपट. दोन सांधे, प्रत्येक सांध्यात दोन तबकड्या, मिळून चार वर्तुळे जादा मोजली गेली. उत्तरातला फरक वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या पूर्ण पटीत आला तर चूक सांध्यावर झाली आहे, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला लगेच ओळखता येते.

पृष्ठफळ आणि घनफळ यांची वाट किती वेगळी आहे, हे एका छोट्या बदलातून दिसते. घुमट वर फुगलेला न ठेवता वाटीसारखा आत खोलगट बसवला असे समजा. मग बंदिस्त जागेतून अर्धगोलाचे घनफळ वजा होते आणि ५,८२,६३३ ऐवजी ४,०२,९६७ घसेमी उरतात. पृष्ठफळ मात्र एक चौसेमीनेही बदलत नाही, कारण पत्र्याची तीच वाटी फक्त उलटी बसली. आत कोरलेला भाग घनफळातून वजा करायचा, पण त्याचे वक्रपृष्ठ मिळवायचे, हा नियम पुष्कळांना विचित्र वाटतो. या उलट्या वाटीवरून तो पटतो.

सांध्याची दुसरी एक तऱ्हा आहे. जोडलेल्या भागांच्या त्रिज्या वेगळ्या असल्या तर झाकले जाते ते फक्त लहान वर्तुळ. घुमटाची त्रिज्या ३५ ऐवजी २८ सेमी असती, तर वृत्तचितीच्या माथ्यावर चहूबाजूंनी ७ सेमी रुंदीचे कडे उघडे राहिले असते. हॉपर तिथून बंद करायला तेवढा पत्रा लागतो. त्याचे क्षेत्रफळ मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा करून १,३८६ चौसेमी येते आणि ते पृष्ठफळात धरावेच लागते. म्हणून सूत्र लिहिण्यापूर्वी आकृतीच्या बाहेरच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवावे. बोटाखाली येतो तो प्रत्येक भाग एकदा मोजायचा. बोट पोचत नाही तो मोजायचा नाही.

शंभराचे दहा हजार, दहा हजारांचे दहा लाख

प्रश्नाने उत्तर लिटरमध्ये आणि चौरस मीटरमध्ये मागितले आहे. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, हे सर्वांना ठाऊक असते आणि घात तिथेच होतो. ३९,७१० ला १०० ने भागून ३९७.१ चौरस मीटर असे उत्तर लिहिले जाते.

या आकड्याचा आकार डोळ्यांपुढे आणला तर चूक लपत नाही. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर असते. ३९७ चौरस मीटर म्हणजे अशी तीन मैदाने. माणसापेक्षा थोड्याच उंच असलेल्या भांड्याला तीन मैदानांएवढा पत्रा लागणार नाही.

एक मीटर बाजूचा चौरस घेतला तर त्यात एका ओळीत एक सेंटिमीटरचे १०० चौरस बसतात आणि अशा १०० ओळी बसतात. म्हणून एक चौरस मीटर म्हणजे १०,००० चौसेमी. घनात ओळींचे असे १०० थर असतात, म्हणून एक घनमीटर म्हणजे १०,००,००० घसेमी. लांबीतला शंभरपट फरक क्षेत्रफळात दोनदा आणि घनफळात तीनदा लागतो. त्याप्रमाणे हॉपरचे पृष्ठफळ ३.९७१ चौरस मीटर आणि घनफळ सुमारे ०.५८२६ घनमीटर.

लिटरसाठी १,००० लक्षात ठेवले की पुरते. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनात १,००० घसेमी असतात आणि तेच एक लिटर. म्हणून ५,८२,६३३.३३ घसेमी म्हणजे सुमारे ५८२.६३ लिटर. दहा सेंटिमीटर म्हणजे एक डेसिमीटर. हे एकक शाळेच्या तक्त्यात एकदा भेटते आणि नंतर विसरले जाते, पण घनफळात त्याचा मोठा उपयोग आहे. सगळी मापे सुरुवातीलाच डेसिमीटरमध्ये लिहिली, म्हणजे त्रिज्या ३.५, वृत्तचितीची उंची १० आणि शंकूची ८.४, तर उत्तर थेट लिटरमध्ये येते. वृत्तचिती ३८५ लिटर, शंकू १०७.८ आणि घुमट ८९.८३. लांबलचक शून्ये नाहीत आणि शेवटी भागाकारही नाही.

याच हॉपरमध्ये क्षेत्रफळाचा वर्ग आणि घनफळाचा घन कसा चालतो ते दाखवणारी आणखी एक जागा आहे. प्रत्यक्षात शंकूचे टोक बंद नसते. दाणे सोडण्यासाठी तिथे तोंड ठेवतात. समजा ते ७ सेमी व्यासाचे आहे. मग टोकाचा जो छोटा शंकू कापला जातो तो मोठ्या शंकूचीच प्रतिकृती असतो, फक्त प्रत्येक लांबी एक-दशांश. त्रिज्या ३.५, उंची ८.४ आणि तिरकी कड ९.१. त्याचे वक्रपृष्ठफळ मोठ्याच्या शंभराव्या भागाइतके, १००.१ चौसेमी. घनफळ हजाराव्या भागाइतके, फक्त १०७.८ घसेमी, म्हणजे जेमतेम अर्धा पाव लिटर. उरलेल्या भागाला पाठ्यपुस्तकात शंकूछेद म्हणतात आणि त्याचे वेगळे सूत्रही आहे. इथे मात्र वजाबाकीनेच काम होते. एकक दहापट मोठे घेणे आणि वस्तू दहापट लहान करणे, दोन्हींमागचा हिशेब एकच.

महाराष्ट्रात बांधकामाच्या हिशेबात आणखी एक एकक ऐकू येते: ब्रास. वाळू आणि खडी यांचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट; रंगकाम किंवा फरशीकामाचा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. नाव एकच, पण एक घनफळाचे आणि दुसरे क्षेत्रफळाचे. आपल्या हॉपरला बाहेरून रंग द्यायचा तर ३.९७१ चौरस मीटरला १०.७६ ने गुणून सुमारे ४२.७ चौरस फूट, म्हणजे अर्ध्या ब्रासलाही कमी. आत मावणारा माल सुमारे २०.६ घनफूट, म्हणजे ब्रासचा साधारण पाचवा भाग. पहिल्या रूपांतरात फुटांचा फरक दोनदा लागला आहे आणि दुसऱ्यात तीनदा, म्हणून गुणायचे आकडेही वेगळे आहेत: चौरस मीटरसाठी १०.७६ आणि घनमीटरसाठी ३५.३१.

मिलिमीटरची जागा

शेवटचा प्रश्न वजनाचा. पातळ पत्र्याचे घनफळ म्हणजे पृष्ठफळ गुणिले जाडी. पृष्ठफळ चौसेमीमध्ये आहे आणि जाडी मिलिमीटरमध्ये, म्हणून २ मिमीचे आधी ०.२ सेमी करायचे. ३९,७१० गुणिले ०.२ म्हणजे ७,९४२ घसेमी. स्टेनलेस स्टीलच्या एका घनसेंटिमीटरचे वजन साधारण ८ ग्रॅम धरले तर हॉपर सुमारे ६३.५ किलोचा होतो. कोणी ०.२ ऐवजी २ नेच गुणले तर वजन ६३५ किलो येते. आधीच्या भागात चार वर्तुळे जादा मोजली असतील, तर ८८ किलो येते. म्हणजे पत्रा सरळ पंचवीसेक किलोने जास्त मागवला जातो.

इथे आकृतीची एक मर्यादाही दिसते. ७० सेमी हा व्यास बाहेरून मोजला की आतून, हे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत सहसा लिहिलेले नसते. तिथे भांड्याच्या भिंतीला जाडी नाही असे मानलेले असते. आपली मापे बाहेरची असतील, तर आतली जागा पत्र्याच्या घनफळाइतकी, सुमारे आठ लिटर, कमी भरते. मग धारकता ५८२ नसून साधारण ५७५ लिटर होते. प्लास्टिकच्या जाड टाकीत हा फरक आणखी वाढतो. म्हणून कारखान्याच्या आराखड्यावर आतला आणि बाहेरचा व्यास वेगळा लिहितात.

त्यापुढे π च्या किमतीचा फरक अगदीच लहान आहे. २२/७ ने ५८२.६३ लिटर, ३.१४ ने ५८२.१० लिटर, तर अधिक अचूक किमतीने ५८२.४० लिटर येतात. सगळा फरक अर्ध्या लिटरच्या आसपास. भास्कराचार्यांनी २२/७ ला स्थूल आणि ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हटले होते. दुसरी किंमत ३.१४१६ इतकी बसते. परीक्षेत प्रश्नात जी किंमत दिली असेल तीच घ्यावी. उत्तराचे दशांशातले अंक किती लिहायचे, ते मात्र मापांच्या अचूकतेवर ठरते. व्यास सेंटिमीटरपर्यंतच मोजला असेल, तर ५८२.६३३३ लिटर लिहिण्यात काही अर्थ नाही; ‘सुमारे ५८३ लिटर’ एवढेच प्रामाणिक उत्तर.

उत्तर तपासायचे कसे?

घनफळासाठी सोपी चाचणी आहे. हॉपर ज्या सरळ वृत्तचितीत मावेल तिचे घनफळ काढायचे: ३,८५० गुणिले २१९, म्हणजे सुमारे ८४३ लिटर. खरे उत्तर याहून कमीच असले पाहिजे. मधल्या वृत्तचितीचे एकटीचे ३८५ लिटर होतात, त्याहून ते जास्तच असले पाहिजे. ५८२ या दोन्हींच्या मध्ये आहे. दशांशचिन्ह चुकले किंवा हजाराऐवजी शंभराने भागले गेले, तर उत्तर या सीमांबाहेर जाते आणि चूक पकडली जाते.

पृष्ठफळाला मात्र ही चाचणी लावून चालत नाही. त्याच बाहेरच्या बंद वृत्तचितीचे एकूण पृष्ठफळ ५५,८८० चौसेमी येते. आपली चुकीची बेरीज ५५,११० होती. ती या सीमेच्या आतच बसते आणि निसटून जाते. पृष्ठफळात चूक आकाराने नव्हे, पदांवरून पकडावी लागते. आपल्या हॉपरची तिन्ही पदे एकत्र लिहिली की πr हा घटक सर्वांत दिसतो. तो बाहेर काढला की कंसात घुमटासाठी ७०, वृत्तचितीसाठी २०० आणि शंकूसाठी ९१ उरतात, आणि ११० गुणिले ३६१ म्हणजे ३९,७१०. कंसात याशिवाय आणखी एखादे ३५ दिसले तर ती सपाट तबकडी आहे. ती आकृतीत बाहेरून कुठे दिसते, ते दाखवता आले पाहिजे. दाखवता आले नाही तर ते पद खोडायचे.

घरी दहावीचे मूल असेल तर त्याला हाच हॉपर वेगळ्या मापांत काढायला सांगावे. प्रत्येक लांबी निम्मी: व्यास ३५ सेमी, एकूण उंची १०९.५ सेमी, तिरकी कड ४५.५ सेमी. प्रत्येक ओळीत आकड्यापुढे एकक लिहायचे आणि सांध्यांवर पेन्सिलीने फुली मारायची, एवढ्या दोन अटी घालाव्यात. घनफळ ७२.८ लिटर, म्हणजे आठवा भाग, आणि पृष्ठफळ ९,९२७.५ चौसेमी, म्हणजे चौथा भाग यायला हवा. पृष्ठफळ १३,७७७.५ आले, तर चार वर्तुळे पुन्हा मोजली गेली आहेत.